एडिटिंगचा मिनिटामागचा रेट बसवताना: मे ते जुलैच्या नोंदी

९ मे

तीन वर्षं झाली घरूनच एडिटिंग करून राहिलो, गाव वरूडकडचं, संत्र्याचा पट्टा, त्यामुळे निम्म्याच्या वर कामं शेतीच्या चॅनलवाल्यांची. रेट पहिल्या दिवसापासून एकच, तयार व्हिडिओच्या मिनिटाला २०० रुपये. हा आकडा कुठून आला असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं की नागपूरच्या एका मित्रानं सांगितला आणि मी धरला.

काल रात्री दीड वाजता चॅनलवाल्या दादाचा व्हॉइस मेसेज आला, "भाऊ, सहाव्या मिनटाले तो कुत्रा दिसते ना मागं, तो काढता येईन का". ही त्या व्हिडिओची पाचवी दुरुस्ती होती. उठलो, पीसी चालू केला आणि मग डोक्यात आलं की या व्हिडिओवर आपले तास किती गेले हे आपल्याला माहीतच नाही. म्हणून आजपासून वहीत घड्याळ लावून लिहायचं ठरवलं. या व्हिडिओचे मागचे तास आठवून, फाइलींच्या वेळा पाहून आणि व्हॉट्सॲपचे मेसेज चाळून भरले.

१२ मे

व्हिडिओ एकदाचा गेला. विषय होता संत्र्याच्या खोडाला पावसाळ्याआधी बोर्डो पेस्ट लावणं. तयार लांबी १२ मिनिटं, रॉ फुटेज ३ तास ४० मिनिटं, म्हणजे २२० मिनिटं. त्यात सगळं बोलणंच, कारण दादा एकच वाक्य चारदा म्हणतात आणि चारही टेक पाठवतात.

वहीतला हिशोब असा निघाला. हार्डडिस्कवरून कॉपी, फोल्डर लावणं, शेवटचं एक्स्पोर्ट आणि अपलोड धरून दीड तास. रॉ पाहून कामाचं वेगळं काढायला साडेचार तास. कटिंगला तीन तास, पाट्या, आवाज आणि रंगाला चार. म्हणजे पहिला कट दाखवायलाच १३ तास. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या सात, त्यांचे सहा तास. एकूण १९.

पैसे आले २४००. तासाला १२६ रुपये, तेही लाइटबिल, नेट, हार्डडिस्क काहीही वजा न करता.

मला वाटत होतं वेळ पाट्यांमध्ये जाते. पण साडेचार तास नुसतं पाहण्यात गेले आणि सहा तास दुरुस्त्यांत, म्हणजे अर्ध्याच्या वर वेळ अशा दोन गोष्टींत की ज्यांचा माझ्या रेटमध्ये कुठं उल्लेखच नाही. दादांनी रॉ पंधरा तास पाठवलं असतं तरी बिल २४०० च झालं असतं.

१५ मे

तासाचा भाव काढायला बसलो. इथं पहिली चूक केली ती सांगतो. महिन्याचे २६ दिवस, रोज ७ तास, म्हणजे १८२ तास असं धरून भागाकार केला आणि तासाला दीडशेच्या आत आकडा आला, खूश झालो. बायको म्हणे, "रोज सात तास काम कुठं असते तुमच्याकडं, अर्धा दिवस तर फोनवरच जाते". बरोबर होतं. एप्रिलच्या फाइली, बिलं पाहून मोजलं तर ज्याचे पैसे लागले असे तास ११० च भरले. बाकीचे फोन, भाव ठरवणं, उधारी मागणं, लाइन गेली म्हणून बसणं, यात.

खर्च महिन्याचा: पीसी ९० हजाराचा चार वर्षांवर वाटला तर १८७५, हार्डडिस्क ८००, नेट ७००, लाइट ९००, म्युझिकचं सबस्क्रिप्शन १०००, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे ३५०. झाले ५६२५. घराला वीस हजार लागतात. म्हणजे २५,६२५ भागिले ११०, तासाला २३३. मी २५० धरले. तुमचा आकडा वेगळा येईल, पण भागायचे तास खरे धरा, १८२ धरले की पुढचं सगळं चुकते.

१८ मे

आता तासाला २५० असं सरळ सांगून टाकावं असं वाटलं होतं. एका कृषी सेवा केंद्रवाल्याला फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणे, "अन् तुम्ही किती तास लावान हे मले कसं समजन?" मुद्दा त्याचा बरोबर. गिऱ्हाइकाला मिनिटाचा भाव समजते कारण मिनिटं त्याला दिसतात. म्हणून बाहेर सांगायचा भाव मिनिटाचाच ठेवायचा, फक्त त्याच्या पोटात काय काय आहे ते आपल्याला पक्कं माहीत पाहिजे.

बोर्डोच्या व्हिडिओवरून तीन तुकडे पाडले.

पहिला तुकडा, तयार मिनिटाचा. कॉपी, कटिंग, पाट्या मिळून साडेआठ तास, १२ मिनिटांवर वाटले तर एका तयार मिनिटाला साधारण ४२ मिनिटं काम. २५० च्या हिशोबानं १७५ रुपये.

दुसरा, रॉचा. २२० मिनिटं पाहायला साडेचार तास म्हणजे एक तास रॉला सव्वा तास. ज्यांना वाटते रॉ पाहणं म्हणजे चहा पीत पाहणं त्यांनी एकदा घड्याळ लावून पाहा. थांबवावं लागते, मागं जावं लागते, दोन टेकपैकी कोणता चांगला ते ठरवावं लागते. सव्वा तासाचे ३१२ होतात, मी तासाला ३०० धरले, म्हणजे रॉच्या मिनिटाला ५ रुपये.

तिसरा, दुरुस्तीचा. एक नीट फेरी, म्हणजे सगळ्या सूचना एकदम आल्या तर सव्वा तास. दोन फेऱ्या मिनिटाच्या भावातच धरायच्या, त्यांचे ६२५, बारा मिनिटांवर वाटले की ५२.

मग प्रश्न आला की भावात रॉ किती धरायचं. जुन्या दोन कामांच्या फाइली मोजल्या, एकात रॉ तयार व्हिडिओच्या ८ पट होतं, दुसऱ्यात ११ पट, आणि हा बोर्डोवाला १८ पट. दहा पट धरलं. एका तयार मिनिटाला १० मिनिटं रॉ म्हणजे ५० रुपये. १७५ अधिक ५० अधिक ५२, झाले २७७. वरचे तेवीस अंगावर येणाऱ्या गोष्टींसाठी ठेवून ३०० केले.

१९ मे

शीटमध्ये हे टाकलं. B2 मध्ये तयार मिनिटं, C2 मध्ये रॉची मिनिटं, D2 मध्ये दुरुस्तीच्या फेऱ्या. तिसऱ्या फेरीपासून ४०० रुपये, आणि व्हिडिओ कितीही छोटा असला तरी पाच मिनिटांचं बिल, कारण कॉपी, फोल्डर, अपलोड हे दोन मिनिटांच्या व्हिडिओलाही तेवढंच लागते.

```
=MAX(5,B2)*300 + MAX(0,C2-10*B2)*5 + MAX(0,D2-2)*400
```

बोर्डोचं काम यात टाकून पाहिलं. सात दुरुस्त्या गोळा करून आल्या असत्या तर तीन फेऱ्यांत बसल्या असत्या, म्हणून तीन धरल्या. ३६०० अधिक जास्तीच्या शंभर मिनिटं रॉचे ५०० अधिक एका फेरीचे ४००, झाले ४५००. तास धरले तर १३ अधिक पावणेचार, पावणेसतरा, गुणिले २५० म्हणजे ४१८७. जवळपास जुळलं.

रॉ मोजायला आधी एकेक क्लिप उघडून कागदावर लिहीत होतो, मूर्खपणा. फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाकलं की प्रत्येक क्लिपचे सेकंद `raw.txt` मध्ये येतात, ते शीटमध्ये बेरीज करून ६० नं भागायचे. त्यासाठी ffmpeg टाकलेलं पाहिजे. दुसऱ्यांदा चालवण्याआधी जुनी `raw.txt` डिलीट करा, नाहीतर आकडे खाली जोडत जाते, मी एकदा दुप्पट रॉ सांगून बसलो होतो.

```
for %f in (*.mp4) do @ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 "%f" >> raw.txt
```

२४ मे

दादांकडं गेलो, फोनवर बोलायची गोष्ट नव्हती. बागेतच बसलो. २०० चे ३०० म्हटल्यावर ते म्हणाले, "काऊन बे, एकदम दीडपट? संत्र्याले भाव भेटून नाही राहिला अन् तू वाढवून राहिला". मी वही दाखवली, साडेचार तासाची ओळ दाखवली. ते वहीकडे पाहून म्हणे, "म्हणजे माह्या बोलण्याचे पैसे लावून राहिला तू मले". एका अर्थानं हो.

मग मीच उपाय सुचवला की खराब टेक तुम्ही घरीच काढून टाका, रॉ कमी येईल, बिल कमी होईल. हे त्यांना एकदम पटलं. भाव कमी करा म्हणणाऱ्याला भाव कमी करून देण्यापेक्षा काम कमी करायचा रस्ता दाखवणं बरं पडते, पण याच सल्ल्यानं पुढं मला दोन तासाचा फटका दिला, ते खाली येईलच.

अर्धे पैसे आधी, हेही त्याच बैठकीत ठरलं. त्याला ते लगेच हो म्हणाले.

२९ मे

दुरुस्त्यांवर जास्त लिहितो कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथं झालं.

बोर्डोच्या सात दुरुस्त्या कोणाच्या होत्या ते मेसेजमध्ये पाहिलं. तीन दादांच्या, दोन त्यांच्या धाकट्या भावाच्या, एक ज्या दुकानाची पाटी शेवटी लागली त्या दुकानवाल्याची. यातल्या दोन एकमेकाच्या उलट, भाऊ म्हणे म्युझिक वाढव, दादा म्हणे बोलणं ऐकू येत नाही.

आणि एक माझी. दादांनी बोलताना बरोबर सांगितलं होतं, पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. मी पाटीवर टाइप केलं १०० लिटर, कारण फवारणीच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर लागते आणि तो आकडा डोक्यात बसलेला. खोडाला ते पाण्यासारखं वाहून गेलं असतं. ही चूक दुकानवाल्यानं पकडली, बरं झालं व्हिडिओ टाकायच्या आधी पकडली.

तर नियम लिहिला: माझी चूक फुकट, ती फेरीत मोजायची नाही. जे बोललं गेलं त्यापेक्षा वेगळं दिसून राहिलं किंवा आवाज पुढंमागं झाला, तर ती माझी. ज्यात त्यांचं मन बदललं ती फेरी. आणि फेरी म्हणजे एकाच माणसानं, एकाच मेसेजमध्ये, मिनिट-सेकंद लिहून पाठवलेली यादी. त्यानंतर आलेलं सगळं पुढच्या फेरीत.

दुसरी गोष्ट, कुत्रा काढायला मला वीस मिनिटं लागली पण त्या दुरुस्तीत दीड तास गेला. का गेला ते शोधलं. मी दरवेळी पूर्ण क्वालिटीचा व्हिडिओ पाठवत होतो, १२ मिनिटांची फाइल जवळपास दीड जीबी, आणि आमच्याकडं अपलोडला चार एमबीपीएस भेटलं तरी नशीब, म्हणजे पाऊण तास नुसतं वर जायला, एक्स्पोर्ट वेगळंच. आणि लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. आता दाखवायला ७२० ची हलकी फाइल बनवतो, बिटरेट दोन एमबीपीएस, ती १८० एमबी होते आणि सहासात मिनिटांत जाते. डाविंचीमध्ये `Data Burn-In` चालू करून वेळ चित्रावरच छापून देतो, म्हणजे "ते मधात कुठंतरी" असा मेसेज येत नाही. पूर्ण क्वालिटी फक्त शेवटी, एकदा.

१४ जून

नव्या भावाचं पहिलं काम, विषय संत्र्यावरची कोळशी. दादांनी यावेळी दोन कॅमेरे लावले, पुतण्या हौशी आहे.

आणि सल्ल्याचा फटका. मी म्हटलं होतं खराब टेक काढून पाठवा, त्यांनी मोबाइलवर क्लिपा कापल्या आणि व्हॉट्सॲपनं पाठवल्या. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते. मी पहिले तीन मिनिटं कापून ठेवली, मग मोठ्या स्क्रीनवर पानांवरची काळी बुरशी पाहायला गेलो तर पान आहे का चिखल ते समजेना. ज्या विषयात पानावरचा काळा थरच दाखवायचा आहे तिथं हे कसं चालन. ओरिजनल मागवल्या, पेनड्राइव्ह घेऊन पुतण्या आला, पुन्हा पहिल्यापासून. दोन तास गेले, ते मी कोणाकडून घेतले नाही कारण सांगायला पाहिजे होतं ते मी सांगितलं नव्हतं. आता सांगतो की काढायचे टेक डिलीट करू नका, कापू तर अजिबात नका, फक्त कागदावर फाइलचा नंबर आणि "घ्या" किंवा "सोडा" लिहा, आणि फाइली पेनड्राइव्हनं. एखादीच क्लिप असली तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, मग ती दबत नाही.

१७ जून

बिलावरून वाद. तयार १० मिनिटं. रॉ मोजलं तर पहिला कॅमेरा ७० मिनिटं, दुसरा ७०, आणि पानं, फांद्या, बाग अशी बिनबोलण्याची ४०. एकूण १८०, भावात शंभर, म्हणून जास्तीच्या ८० मिनिटांचे ४०० लावले. दादा म्हणे, "दोन कॅमेऱ्यात एकच गोष्ट आहे ना बावा, दोनदा काऊन मोजून राहिला?"

मला राग आला होता पण वही काढून पाहिली तर रॉ पाहायला २ तास ४० मिनिटंच लागली होती. माझ्या हिशोबानं १८० मिनिटांना पावणेचार लागायला पाहिजे होते. म्हणजे दादा बरोबर. दुसरा कॅमेरा आपण पूर्ण पाहतच नाही, पहिल्यासोबत लावून जिथं गरज तिथं उचलतो. आणि बिनबोलण्याचं फुटेज दुप्पट स्पीडनं पळवता येते.

म्हणून नियम बदलला: बोलण्याचं फुटेज पूर्ण, दुसरा कॅमेरा आणि बिनबोलण्याचं अर्धं. ७० अधिक ३५ अधिक २०, झाले १२५. त्याला सव्वानं गुणलं तर २ तास ३६, वहीतल्याशी चार मिनिटांचा फरक. बिल ३१२५ केलं, दादांनी त्याच दिवशी टाकले. फुकट गेलेले दोन तास धरून माझे पावणेचौदाच्या जवळ तास, म्हणजे तासाला २२९.

२६ जून

मधात एक लग्नाचं काम घेतलं, मामेभावाच्या फोटो स्टुडिओचं. पाच मिनिटांचं हायलाइट, रॉ ९ तास, मे मधलं लग्न. जुन्या भावानं याचे हजार रुपये झाले असते! अर्ध्याच्या नियमानं रॉ २७० मिनिटं, भावातले ५० वजा, २२० मिनिटांचे ११००, अधिक १५००, असे २६०० सांगितले. मामेभाऊ म्हणे पाच मिनिटाचे सव्वीसशे कोण देईन, पण त्याला दुसरं कोणी नव्हतं.

तास लागले १२. पाहायला पाच, गाण्याच्या ठेक्यावर कापायला पाच, दोन फेऱ्यांना दोन. तासाला २१७. रॉचा अंदाज इथं बरोबर बसला, मिनिटाचा बसला नाही, कारण शेतीच्या व्हिडिओत एक माणूस मिनिटभर बोलते तेव्हा त्यात चार कट असतात आणि हायलाइटच्या एका मिनिटात पंचवीस-तीस. हायलाइटचा मिनिटाचा भाव वेगळा, ४०० केला. तेवढा धरला असता तर ३१०० झाले असते, तासाला २५८.

५ जुलै

पेरण्या सुरू आहेत, दादा शेतात, व्हिडिओ बारा दिवस माझ्याकडं पडून आहे, सूचना नाहीत. उरलेले अर्धे पैसे अडकले आणि प्रोजेक्टनं डिस्कवर जागा धरली ती वेगळी. पहिला कट पाठवल्यापासून सात दिवसांत यादी आली नाही तर उरलेलं बिल द्यायचं, फेऱ्या नंतर कधीही वापरा, असं यापुढं आधीच सांगायचं.

१२ जुलै

सगळ्यात मोठं भोक आज सापडलं.

त्याच व्हिडिओचा पहिला कट ११ मिनिटांचा होता. पहिली फेरी साधी झाली, एक तास. दुसऱ्या फेरीत दादा म्हणे लोक एवढं पाहत नाहीत, सात मिनिटं कर. आता ११ चं ७ करणं म्हणजे शेपूट कापणं नाही. काय ठेवायचं ते पुन्हा ठरवावं लागते, वाक्यं जोडावी लागतात, म्युझिक पुन्हा बसवावं लागते, दोन पाट्या एक कराव्या लागतात. तीन तास गेले. आणि शीटमध्ये ७ टाकलं तर बिल ३३०० वरून २१०० वर! भावातलं रॉ सत्तरच राहते म्हणून वरच्या तीस मिनिटांचे दीडशे वाढले, तरी २२५०. मी काम वाढवलं आणि पैसे हजारानं कमी झाले. एकूण तास पावणेचौदा, म्हणजे तासाला १६४.

मिनिटाच्या भावात हे असणारच होतं, मला आधी दिसलं नाही. दादांना सांगितलं तर तेही गोंधळले, त्यांच्या बाजूनं सात मिनिटांचा व्हिडिओ सात मिनिटांचाच. शेवटी २७०० वर तोडलं. दोघंही थोडे नाराज, चहा मात्र झाला.

नवा नियम: काम घेताना लांबी ठरवायची, "८ ते १०" अशी. पहिला कट त्यात बसला की बिल पहिल्या कटच्या लांबीचं. नंतर छोटा करा, बिल तेच. वाढवला तर वाढलेल्या मिनिटांचे पैसे. पहिला कटच मी ठरल्यापेक्षा लांब केला तर ती माझी चूक, वरची मिनिटं मोजायची नाहीत. शीटमध्ये B2 ला आता पहिला कट आणि शेवटचा कट यातला मोठा आकडा टाकतो.

१५ जुलै

काम घेताना आता हा मेसेज पाठवतो, जसाच्या तसा:

"तयार व्हिडिओ मिनिटाला ३००, कमीत कमी ५ मिनिटांचं बिल. लांबी आधी ठरवू, नंतर कमी केली तरी बिल पहिल्या कटचं. एका मिनिटाला १० मिनिटं रॉ यात आलं, वरच्या रॉला तासाला ३००, दुसरा कॅमेरा आणि बिनबोलण्याचं अर्धं मोजतो. दुरुस्तीच्या २ फेऱ्या यात, पुढं फेरीला ४००, माझी चूक असली तर फुकट. सूचना एकाच माणसानं एकाच यादीत द्याव्या. ७ दिवसांत यादी नाही आली तर उरलेलं बिल. अर्धे आधी. फाइली पेनड्राइव्हनं, कापू नये."

कृषी सेवा केंद्रवाल्याला पाठवला, त्यानं फक्त अंगठा पाठवला. दुसऱ्या एकानं वाचून फोनच केला नाही, त्याचं रॉ नेहमी वीस पट असायचं म्हणून वाईट वाटलं नाही.

२८ जुलै

नव्या नियमांचं पहिलं पूर्ण काम संपलं, विषय पावसाळ्यातली फळगळ. ठरलं ८ ते १०, पहिला कट ९. रॉ मोजून ८५, भावातच बसलं, कारण दादांच्या पुतण्यानं "घ्या, सोडा"ची यादी खरंच वहीच्या पानावर लिहून दिली आणि सोडा लिहिलेल्या क्लिपा मी उघडल्याच नाहीत, मोजल्याही नाहीत. दोन फेऱ्या, दुसरीत फक्त तीन ओळी. बिल २७००. तास: रॉ पावणेदोन, काम सव्वासहा, फेऱ्या दोन. दहा तास, तासाला २७०.

आता दादा म्हणून राहिले की प्रत्येक व्हिडिओतून तीन रील काढून दे. रीलला पाच मिनिटांचं कमीत कमी बिल लावलं तर एका रीलचे १५०० होतात, तेवढे कोणी देणार नाही, आणि मिनिटाच्या भावानं अर्ध्या मिनिटाचे दीडशे येतात, तेवढ्यात मी करणार नाही. कापलेल्या व्हिडिओतूनच काढायचं असलं तर रॉ पाहायचं नसते, पण चित्र उभं करताना माणूस फ्रेमबाहेर जाते ते प्रत्येक शॉटला सरकवावं लागते आणि पाट्या सगळ्या नव्या. सध्या रीलचे ३५० आणि एकच दुरुस्ती असं सांगितलं आहे. पहिले तीन वहीत मोजून राहिलो, पहिल्याला पावणेदोन तास लागले.